पेट्रोलचा काटा खोटं दाखवतोय? टाकी उतरवायच्या आधी कपलर उघडा

पेट्रोलचा काटा चुकीचा दाखवायला लागला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "टँक युनिट गेलंय, नवीन टाकूया." कधीकधी ते खरं पण असतं. पण नवीन युनिट, म्हणजे टाकीत किती पेट्रोल आहे ते मीटरला कळवणारा भाग, टाकून, टाकी चढवून, पेट्रोल भरून परत काटा तसाच उड्या मारतोय असं झालेल्या गाड्या कमी नाहीत, कारण दोष युनिटमध्ये नव्हताच, वायरीत होता. म्हणून इथं युनिट बदलायचं कसं यापेक्षा दोष नेमका कुठल्या बाजूला आहे हे शोधायचं कसं ते सांगतो. उदाहरण धरलंय साध्या कार्ब्युरेटरवाल्या १०० ते १२५ सीसी बाईकचं, काट्याचा मीटर असलेली, कारण सांगली-सातारा पट्ट्यात अजून अशा गाड्या भरपूर पळतात आणि शिकायला तीच सगळ्यात सोपी. डिजिटल मीटर आणि फ्युएल इंजेक्शनवाल्यांसाठी शेवटी थोडं वेगळं लिहिलंय.

आधी हे चालतं कसं

टाकीत एक फ्लोट असतो, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा गोळा किंवा ठोकळा. तो एका तारेच्या दांडीला असतो, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक छोटी पत्ती असते जी रेझिस्टन्सच्या पट्टीवर घासत फिरते. पेट्रोल वर तर फ्लोट वर, पत्ती पट्टीच्या एका टोकाला, पेट्रोल खाली तर दुसऱ्या टोकाला. बस एवढंच. मीटरला पेट्रोलबिट्रोल काही कळत नाही, त्याला फक्त रेझिस्टन्सचे ओहम कळतात.

आपल्याकडच्या बहुतेक कम्युटर बाईकमध्ये टाकी फुल असताना रेझिस्टन्स कमी असतो, साधारण १० ओहमच्या आतबाहेर, आणि रिकामी असताना ९० ते १०० च्या आसपास. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघायचा, मॉडेलप्रमाणे बदलतो. जीप, ट्रॅक्टर किंवा बाजारात मिळणारे युनिव्हर्सल मीटर यांचं गणित उलटं किंवा वेगळंच पण असू शकतं, त्यातला एक प्रचलित प्रकार रिकाम्याला १० ओहम आणि फुलला १८० असा आहे, दुसरा रिकाम्याला २४० आणि फुलला ३३. म्हणून एका कंपनीचं युनिट आणि दुसऱ्या जातीचा मीटर जोडला तर वायरिंग शंभर टक्के बरोबर असूनही काटा आयुष्यभर चुकीचाच दाखवणार. जुन्या गाडीत कुणी आधी काय काय बदललंय हे मालकाला विचारून घ्या.

यातनं एक गोष्ट लक्षात ठेवली की अर्धं काम झालं. आपल्या उदाहरणातल्या गाडीत वायर तुटली म्हणजे रेझिस्टन्स अनंत, म्हणजे काटा एम्प्टीला. युनिटपासनं मीटरला जाणारी सिग्नलची वायर बॉडीला टेकली म्हणजे रेझिस्टन्स शून्य, म्हणजे काटा फुलला. आणि वाटेत कुठं गंज असेल तर ओहम वाढतात, म्हणजे काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो.

दोष आहे का ते आधी ठरवा

यवतेश्वरचा घाट चढून कासला जाताना काटा वरखाली झाला तर तो दोष नाही. चढावर पेट्रोल टाकीच्या मागच्या बाजूला जातं आणि फ्लोट टाकीत एकाच जागी असतो, त्याला तेवढंच दिसतं. साइड स्टँडवर गाडी वाकडी असते तेव्हा पण वाचन धरू नका. सेंटर स्टँड, सपाट जागा, इग्निशन ऑन करून अर्धा मिनिट थांबायचं कारण काही काटे मुद्दाम सावकाश हलणारे केलेले असतात, आणि मग बघायचं.

शक्य असेल तर एकदा गाडी रिझर्व्हला येईपर्यंत चालवा आणि मग पंपावर एकदम फुल न करता लिटर-लिटरने भरत काटा कुठं येतोय ते लिहून घ्या. पंपवाला पोरगा जरा वैतागेल, गर्दी नसताना जा. पण हा कागद हातात असला की पुढं भांडण राहत नाही. काटा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच कमी दाखवतोय का, एकाच ठिकाणी उडतोय का, की कुठंही उडतोय, हे तिन्ही वेगवेगळे आजार आहेत. सारखा कमी दाखवत असेल तर अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी वाट, खराब किंवा दांडी वाकलेली. एकाच ठिकाणी उडत असेल तर पट्टी झिजलीय. कुठंही, खड्ड्यात गेल्यावर उडत असेल तर लूज कॉन्टॅक्ट.

आणखी एक खूण. इंडिकेटर लावला की काटा त्याच तालात टकटक हलतो का बघा. हलत असेल तर इंडिकेटर आणि मीटर यांची अर्थ एकच आहे आणि तिथं थोडी खराबी आहे, किंवा मीटरला येणारा सप्लायच खालीवर होतोय, बॅटरी दमलीय. अशा गाडीत टाकीकडं बघायची गरजच नाही, आधी बॅटरीचे टर्मिनल आणि बॉडी अर्थचा बोल्ट घासून घट्ट करा.

कपलर उघडून दोन तुकडे करा

टाकीखाली किंवा सीटखाली टँक युनिटच्या वायरींचा छोटा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा-सोडायचा प्लग असतो, बहुतेक वेळा दोन वायरींचा. बऱ्याच होंडा-पद्धतीच्या वायरिंगमध्ये हिरवी वायर अर्थ आणि पिवळी-पांढरी सिग्नल असते, पण रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, कारण जुन्या गाडीत कुणीतरी लाल वायर अर्थला लावलेली पण सापडते.

टाकीचं झाकण बंद, गाडी मोकळ्या हवेत, आसपास पेट्रोल सांडलेलं नको, बिडी-सिगरेट लांब. कार्ब्युरेटरमधनं किंवा कॉकमधनं पेट्रोल ठिबकत असेल तर ते आधी दुरुस्त करा, मग वायरीला हात लावा. जोडतोड नेहमी इग्निशन ऑफ करून.

कपलर सोडा, इग्निशन ऑन करा. काटा एम्प्टीला गेला पाहिजे. नाही गेला आणि फुललाच बसून राहिला तर कपलर ते मीटर या वाटेत सिग्नलची वायर कुठंतरी बॉडीला टेकलीय. टाकी आधी कधी उतरवली असेल तर ती परत बसवताना टाकीच्या रबराखाली वायर चेपलेली असते, पहिल्यांदा तिथंच बघा. उलट कपलर सोडल्यावर काटा फुलवरनं खाली आला तर शॉर्ट टाकीच्या बाजूला आहे, किंवा फ्लोट वर अडकलाय.

आता दुसरा अर्धा. पुस्तकात लिहिलेलं असतं की कपलरच्या मीटरकडच्या बाजूला दोन्ही पिन वायरीने जोडा, काटा फुलला जाईल. जातो, पण असं शॉर्ट जास्त वेळ ठेवलं तर काही मीटरची कॉइल जळते, चारपाच सेकंदांच्या वर ठेवायचं नाही. मला यापेक्षा बरं वाटतं ते म्हणजे रेडिओ-टीव्हीचं सामान विकणाऱ्या दुकानातनं तीन रेझिस्टर आणायचे, १०, ४७ आणि १०० ओहमचे, एक वॉटचे. चहाच्या पैशात येतात. टँक युनिटच्या जागी हेच लावायचे. १० लावल्यावर काटा फुलच्या जवळ, ४७ ला मधे कुठंतरी, १०० ला एम्प्टी. तिन्ही बरोबर आले तर मीटर, सप्लाय आणि कपलरपर्यंतची सगळी वायरिंग ठीक आहे, दोष टाकीत. एक जरी चुकला तर टाकी उतरवायची नाही, दोष अलीकडं आहे.

काहीही लावलं तरी काटा हलतच नाही असं असेल तर मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून सिग्नलच्या पिनवर बघा, काळा प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. कपलर उघडा असताना तिथं जवळपास बॅटरीएवढे व्होल्ट दिसायला पाहिजेत. शून्य असेल तर मीटरपासनं इथपर्यंत वायर तुटलीय किंवा मीटरलाच सप्लाय नाही, आणि तुटायची आवडती जागा म्हणजे हँडलच्या मानेपाशी, जिथं वायरिंग रोज डावीउजवीकडं वाकतं. हँडल पूर्ण फिरवताना व्होल्ट येतात-जातात का बघा.

तासगावच्या मामांची गाडी

आता एक गाडी पूर्ण सांगतो म्हणजे हे सगळं जागेवर बसेल. तासगावकडचे एक मामा, द्राक्षबाग आहे, गाडीवर औषधाचे डबे घेऊन रोज रानात. म्हणाले, "टाकी फुल केली तरी काटा पाऊणच्या वर जात नाय. आणि एम्प्टीला आला म्हणून पंपावर जावं तर साडेसात लिटरातच टाकी भरती." टाकी १० लिटरची. "आणि मधेच खड्ड्यात आदळली की काटा नाचतोय." मिरजेत एका ठिकाणी त्यांना युनिट बदलायला सांगितलं होतं.

गाडी नुकतीच फुल केलेली होती हे बरं झालं. कपलर सोडला आणि टाकीच्या बाजूचा रेझिस्टन्स मोजला, ९ ओहम. या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे फुलला साधारण ८ आणि रिकाम्याला ९५, म्हणजे फुलच्या टोकाला तरी युनिट व्यवस्थित, फ्लोट पण वर तरंगतोय. मग मीटरच्या बाजूला १० ओहमचा रेझिस्टर लावला. काटा पाऊणलाच थांबला, अगदी टाकी जोडलेली असताना थांबायचा तिथंच. इथंच मामांना सांगितलं की आज टाकी उतरवायला लागणार नाही असं दिसतंय (ते पुढं जरा बदललं, येतो त्याच्यावर).

मग रेझिस्टरचं एक टोक सिग्नलच्या पिनला तसंच ठेवलं आणि दुसरं टोक कपलरच्या अर्थ पिनवरनं काढून लांब वायरीने थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. काटा सरळ फुलला. म्हणजे सिग्नल ठीक, मीटर ठीक, कपलरची अर्थ वायरच खराब. हीच चाचणी नवशिक्या माणसाकडनं राहते, कारण दोन पिनांत काहीतरी जोडून बघितलं की झालं असं वाटतं, पण काटा फुलपर्यंत का जात नाही हे मीटरचा दोष आहे की अर्थचा हे त्यानं कळत नाही.

इग्निशन ऑफ करून अर्थ पिन ते बॅटरी निगेटिव्ह मोजलं. एक ओहमच्या आत यायला पाहिजे होतं, आलं २४, आणि वायर बोटानं हलवली की ८, मग ४०, मग परत २५. खड्ड्यात काटा नाचायचं कारण हेच. आता टाचणीने वायरच्या आवरणाला कपलरच्या वितभर मागं टोचून तिथनं मोजलं, ०.४ ओहम. म्हणजे २४ ओहम सगळे त्या शेवटच्या वितभरात. पिन कपलरमधनं ओढून काढली तर पिन आणि वायर जिथं दाबून जोडलेली असते तिथं तांबं हिरवं पडून भुगा झालं होतं, दोनतीन तारा धरून होत्या फक्त. औषधाचं पाणी सांडत असणार, मोरचूद पण त्यात आलाच. २०१९ च्या पुरात जे भाग पाण्याखाली होते तिथल्या जुन्या गाड्यांत पण हे कपलर बघण्यासारखे असतात.

आता मामांच्या तक्रारीचं गणित बघा किती नीट जुळतंय. फुल टाकीला ९ अधिक २४, झाले ३३ ओहम. ८ ते ९५ च्या पट्टीवर ३३ म्हणजे साधारण सत्तर टक्के, म्हणजे पाऊणच्या आसपास. आणि टाकीत पाव म्हणजे अडीच लिटर उरलं की युनिट साधारण ७३ ओहम देणार, अधिक २४ म्हणजे ९७, म्हणजे काट्याला वाटतं टाकी रिकामी. म्हणून साडेसात लिटरातच भरती. टाकीचा आकार सरळ डब्यासारखा नसतो त्यामुळं प्रत्येक गाडीत एवढं अचूक जुळणार नाही, पण असा सगळीकडं सारखाच कमी दाखवणारा काटा दिसला की आधी अर्थच धरायची.

हिरवं पडलेलं तांबं कापून मागं चांगली चकचकीत तार लागेपर्यंत गेलो, नवीन पिन क्रिंपिंग प्लासने दाबली, वरनं थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस. वायर पिळून टेप गुंडाळणं हा उपाय नाही, उन्हाळ्यात टेपचा चिकट रस होतो आणि पावसाळ्यात परत तेच. परत मोजलं, ०.३ ओहम. काटा फुलला.

मामा खूश होऊन गेले आणि पुढच्या आठवड्यात फोन, "वरनं बरोबर आहे, पण अर्ध्यापाशी आला की धपकन खाली पडतो आणि परत वर येतो, खड्डा नसला तरी." फक्त अर्ध्यापाशी, सपाट रस्त्यावर. ही दुसरी बिमारी, आधी अर्थच्या नाचण्यात झाकलेली होती. आता मात्र टाकी.

युनिट बाहेर काढून बघणं

टाकी जितकी रिकामी तेवढं सोपं, पण रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते आणि पेटते ती वाफच, त्यामुळं घरात, चुलीजवळ, पिठाच्या गिरणीशेजारी हे काम नको. बॅटरीची निगेटिव्ह काढा. उरलेलं पेट्रोल झाकणाच्या कॅनमध्ये. कॉक बंद, पाइप सोडा, सीट काढा, टाकीचा मागचा बोल्ट, कपलर, आणि टाकी उचलून जाड कापडावर उलटी ठेवा. युनिट खालनं चार नटांवर असतं. बाहेर काढताना दांडी तिरकी करून काढायची, ओढाताण केली तर दांडी वाकते आणि मग काटा फुल-एम्प्टी दोन्हीकडं चुकतो. खालची पॅकिंग किंवा ओ-रिंग परत वापरू नका, पेट्रोलने फुगलेली असते, परत नीट बसत नाही आणि इंजिनवर ठिबकते.

आता युनिट टाकीपासनं लांब नेऊन, पेट्रोल पूर्ण वाळल्यावर, मल्टीमीटर ओहमवर लावा आणि दांडी एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाकडं अगदी सावकाश न्या. आकडा सलग वाढत जायला पाहिजे. मामांच्या युनिटमध्ये ९, १४, २२, ३०, ३८ असं येत आलं आणि मधेच OL, म्हणजे सर्किट तुटलं, मग जरा पुढं गेल्यावर ५५ आणि तिथनं सरळ ९५ पर्यंत. डिजिटल मल्टीमीटर असा क्षणाचा तुटवडा कधीकधी चुकवतो, जुना काट्याचा मल्टीमीटर असेल तर इथं तो जास्त बरा, त्याचा काटा खाली आपटलेला लगेच दिसतो. बीप लावून चालणार नाही, ती थोड्याच ओहमपर्यंत वाजते.

मधेच का झिजलं असेल? रोज थोडं थोडं पेट्रोल टाकणाऱ्या गाडीत फ्लोट मधल्याच भागात हेलकावे खात राहतो, पत्ती तिथंच घासत राहते. पट्टीवर नुसता काळा थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि कापसाने निघतो, पत्तीचा दाब अगदी किंचित वाढवला की वर्ष-सहा महिने निघतात. पॉलिश पेपर पट्टीवर मारू नका, तो थर इतका पातळ असतो की चारदोन फटक्यांत जातो. पट्टी खरंच तुटली असेल तर नवीन युनिट, दुसरा इलाज नाही, आणि घेताना जुनं सोबत नेऊन फुल-एम्प्टीचे ओहम दुकानातच मोजून घ्या. दांडीची लांबी दिसायला सारखी आणि ओहम भलतेच असं होतं.

फ्लोट पण बघून घ्या. कानाशी हलवा, आत पेट्रोल गेलं असेल तर आवाज येतो. शंका असेल तर टाकीपासनं आणि गॅसपासनं लांब, गरम पाण्याच्या भांड्यात दाबून धरा, आतली हवा फुगून जिथं भोक आहे तिथनं बुडबुडे येतात. असा फ्लोट बदलायचा. पितळी फ्लोटला डाग देऊन बुजवायचा सल्ला कुणी दिला तर आत पेट्रोलची वाफ आहे हे त्याला आठवण करून द्या. बुडालेल्या फ्लोटची ओळख सोपी असते, फुल टाकीलाही काटा हळूहळू दिवसेंदिवस खाली येत जातो आणि शेवटी उठतच नाही.

डिजिटल मीटर आणि इंजेक्शनवाली गाडी

काट्याऐवजी बार असतील तर शॉर्ट करून बघायची पद्धत विसरा, फक्त रेझिस्टर वापरा, आणि ओहम मॅन्युअलमधलेच घ्या. उघड्या कपलरवर १२ ऐवजी ५ व्होल्टच दिसले तर घाबरू नका, बऱ्याच डिजिटल मीटरमधनं तेवढेच येतात. बार बदलायला एकदोन मिनिटं पण लागू शकतात, मीटर मुद्दाम सरासरी काढतो, त्यामुळं घाईत निकाल लावू नका. काही मीटरमध्ये सगळे बार लुकलुकायला लागतात, तो सर्किट तुटल्याचा किंवा शॉर्ट झाल्याचा इशारा असतो.

इंजेक्शनवाल्या बाईकमध्ये आणि बऱ्याच कारमध्ये युनिट पेट्रोल पंपाच्या मॉड्युलवरच असतं आणि पाइपमध्ये प्रेशर असतं. कपलरपर्यंतच्या सगळ्या चाचण्या घरी करा, दोष टाकीच्या बाजूला निघाला तर उघडायचं काम प्रेशर सोडायची पद्धत माहीत असलेल्या मेकॅनिककडं द्या. आणि जुन्या जीप-कारमध्ये पेट्रोलबरोबर टेंपरेचरचा काटा पण एकाच वेळी चुकायला लागला असेल तर टाकीकडं जाऊच नका, दोन्ही मीटरना ठरावीक व्होल्ट देणारा छोटा स्टॅबिलायझर डॅशबोर्डमागं असतो, आधी तो आणि त्याची अर्थ तपासा.